बी नोडवरचं शून्य

अगं, ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस. तू मध्ये बोललीस की मी सगळं सांगायच्या आधीच शेवट सांगून बसते, माहितीये ना तुला.

आमच्या मॅडम. बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या. त्या ओरडत नाहीत, तिथेच तर गोची आहे. ओरडणाऱ्या माणसाचं काय, कानांनी ऐकायचं आणि सोडून द्यायचं. या नुसत्या बघतात. पहिल्या असाइनमेंटला मी एक ग्राफ दुसऱ्या कुणाचा उतरवला होता आणि पकडले गेले, हे तुला ठाऊक आहे. आईला बोलावलं होतं. आई कामावरून अर्धी रजा टाकून आली आणि तासभर केबिनबाहेरच्या बाकावर बसून होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, दवाखान्यात बसतात तशी. आत गेल्यावर मॅडम तिला म्हणाल्या, "एकदा मी सोडून देते. पुन्हा खोटं काम दिसलं तर हिचं टर्मवर्क रद्द." टर्मवर्क रद्द म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं. परत जाताना आईनं बसमध्ये दोघींची तिकिटं काढली. घरी आल्यावर म्हणाली, "मला तिथं पुन्हा बसायला लावू नकोस." एवढंच. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असते तर परवडलं असतं.

तर आता ही तिसरी असाइनमेंट.

एक सर्किट. बारा व्होल्टचा सोर्स, चार रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारे, आणि एक करंट सोर्स, म्हणजे ठरलेला करंट ढकलणारा. थांब, तोंड वाकडं करू नकोस, सोपंय. नोड म्हणजे तारांचा चौक समज. आमच्या सर्किटमध्ये दोन चौक होते, ए आणि बी. चौकात जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, तिथे कुणी मुक्कामाला राहत नाही. मग प्रत्येक चौकाचं एक समीकरण मांडायचं, दोन चौक, दोन समीकरणं, सोडवली की ए आणि बीचं व्होल्टेज हातात. हे व्होल्टेज मोजायचं ग्राउंडपासून. ग्राउंड म्हणजे शून्य, आपण डोंगराची उंची समुद्रापासून मोजतो ना, तसं. झालं. हीच नोड व्होल्टेज मेथड. मग तेच सर्किट कॉम्प्युटरवर चालवायचं, सिम्युलेशन, आणि दोन्हीकडची उत्तरं जुळतात का दाखवायचं.

कॉपी होऊ नये म्हणून मॅडमची एक युक्ती आहे. करंट सोर्सचा आकडा प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकावरून. माझा वीस, म्हणून दोन मिलिअँपिअर. एकवीसवाल्याला दोन पॉइंट एक. म्हणजे चाळीस पोरांची चाळीस उत्तरं, उतरव आता!

मी आदल्या दिवशी घरी बसून हातानं सोडवलं. स्वतः! कुणाला फोनसुद्धा केला नाही. बाराच्या सोर्सपासून ए पर्यंत दोन किलोओहम, ए पासून ग्राउंडला सहा, ए आणि बीच्या मध्ये तीन, बी पासून ग्राउंडला सहा. आणि करंट सोर्स बीमध्ये दोन मिलिअँपिअर ढकलतोय. ए आला नऊ पॉइंट त्रेचाळीस, बी दहा पॉइंट एकोणतीस. परत तपासलं. ए च्या चौकात येणारा करंट आणि जाणारा करंट, बरोब्बर सारखा. इतकं भारी वाटलं ना मला! आईला वही दाखवली. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं," पण दोन मिनिटं वही हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी लॅब. पाचला जमा करायचं होतं. मॅडमनी सर्किट आधीच काढून ज्याच्या त्याच्या क्रमांकाची फाइल ठेवली होती, आपण फक्त आपला आकडा टाकायचा आणि चालवायचं. मी दोन टाकले. चालवलं.

ए सहा. बी शून्य.

अगं, शून्य! मी म्हटलं, हे काय? बारा व्होल्टचा सोर्स जोडलाय, दोन मिलिअँपिअर वाहताहेत आणि बीवर शून्य? तुटलंय काहीतरी. मी बंद करून परत चालवलं. शून्य. एकेका रेझिस्टरवर क्लिक करून आकडे बघितले. दोन, सहा, तीन, सहा, सगळे बरोबर. ग्राउंड जोडलेलं. तरी शून्य. आणि घड्याळात साडेचार.

शेजारी कासव बसला होता. आमच्या वर्गातला, सगळं इतकं सावकाश करतो की त्याला सगळे कासवच म्हणतात. तोच तो एकवीस. त्याला विचारलं, "तुझं जुळलं का रे?"

"जुळलं की. पहिल्या फटक्यात."

"बी किती आला?"

"माझा तुला काय उपयोग? आकडा वेगळाय."

"अरे सांग ना, शून्य आलाय का?"

"शून्य? कायच्या काय. साडेदहाच्या आसपास आहे."

झालं!  याचा साडेदहाच्या आसपास, माझा हातानं दहा पॉइंट एकोणतीस, म्हणजे माझी वही बरोबर आणि फाइल चुकीची. आणि मग मला दिसलं. करंट सोर्सच्या चिन्हात एक बाण असतो, करंट कुठल्या दिशेला जातो ते सांगणारा. माझ्या वहीत बाण वर, बीच्या दिशेला. स्क्रीनवर बाण खाली.

म्हणजे सोर्स बीमध्ये ढकलत नव्हता, बीमधून ओढून घेत होता.

आता तिथले कॉम्प्युटर सगळे वापरतात. सकाळच्या बॅचची पोरं वाट्टेल ते उलटंपालटं करून ठेवतात. मला वाटलं, कुणीतरी चिन्ह फिरवून ठेवलंय. खरंच वाटलं. बरं, खोटं कशाला बोलू, अर्धं वाटलं. उरलेलं अर्धं म्हणत होतं की मॅडमना विचार. पण मॅडमना विचारायचं म्हणजे त्या केबिनमध्ये जायचं, त्या बाकावरून पुढे. नाही झालं माझ्याच्यानं. पावणेपाच झाले होते. लॅबवाले काका पंखे बंद करत फिरत होते, "चला, आटपा, नऊशे वेळा सांगायचं का?"

मी चिन्हावर क्लिक केलं आणि बाण फिरवला.

नऊ पॉइंट चारशे एकोणतीस. दहा पॉइंट दोनशे शहाऐंशी. तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळलं! मी प्रिंट काढली, वहीच्या कागदाला टाचली, आणि काकांच्या ताब्यातल्या, असाइनमेंट जमा करायच्या पत्र्याच्या पेटीत टाकली. टाकायच्या आधी आईला दाखवायला म्हणून फोटो काढला. तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं की वाईट, मला अजून ठरवता येत नाहीये.

घरी जेवायला बसलो. आईला फोटो दाखवला, "बघ, वही आणि कॉम्प्युटर, दोन्ही सारखे." ती चष्मा सरकवून बघायला लागली. तिला आकडे कळत नाहीत ना, म्हणून ती शब्द वाचत होती. म्हणाली, "हे कोपऱ्यात काय लिहिलंय? 'सम क्रमांक, बाण खाली.' म्हणजे काय गं?"

घास तोंडातच राहिला माझा.

प्रिंटच्या कोपऱ्यात, एवढ्याशा अक्षरात, मॅडमनी फाइलवरच टंकून ठेवलं होतं. सम क्रमांक, बाण खाली. आणि त्याच कागदावर, मध्यभागी, माझा बाण वर. आणि मग उलगडलं गं सगळं. फळ्यावर आकृती काढली तेव्हा मॅडम शेवटी म्हणाल्या असणार, सम क्रमांकवाल्यांनी बाण उलटा घ्या. आणि मी तेव्हा बाकाखाली घुसून पेनाची रिफील शोधत होते!

हे नीट समजून घे, कारण इथेच माझा घात झाला होता. नुसतं हातानं चुकलं असतं ना, वहीत वर आणि सिम्युलेशनमध्ये खाली, आणि मी लिहिलं असतं की जुळत नाही, तर दोन मार्क गेले असते. फार फार तर तीन. पण माझं जुळलं होतं. मॅडमच्या फाइलमधून ते उत्तर येऊच शकत नव्हतं. जुळलं म्हणजे मी फाइलला हात लावला. तो कागद स्वतःच चुगली करत होता, आणि कोपऱ्यात मॅडमचीच अक्षरं साक्षीला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. ठसका लागला."

"पाणी पी. जुळलंय ना सगळं?"

"हो."

हो म्हणाले मी. काय करू? तिनं ताट उचललं आणि गुणगुणत आत गेली. तिचं ते गुणगुणणं मला ऐकवेना. खोलीत जाऊन मी बाण खाली घेऊन परत सोडवलं. एक चिन्ह बदललं, फक्त एक. अधिक बाराचं उणे बारा. ए सहा, बी शून्य. इतकं सुबक उत्तर की मला रडूच आलं. आणि शून्य का, तेही दिसलं. बारातून दोन किलोओहममधून तीन मिलिअँपिअर येतात, एक ए पासून खाली जातो, दोन बीकडे. आणि ते दोनच्या दोन तो सोर्स ओढून घेतो. मग बीच्या खालच्या रेझिस्टरमध्ये उरतं काय? काहीच नाही. म्हणून शून्य. मी त्या शून्याला तुटलेलं समजले होते, आणि ते अख्ख्या कागदावरचं सगळ्यात शहाणं उत्तर होतं.

सकाळी साडेआठलाच कॉलेजात. अकराला याच असाइनमेंटची तोंडी परीक्षा होती, मॅडम त्याच वेळी येतात. लॅबमध्ये फक्त काका, टेबलं पुसत होते.

"एवढ्या लवकर? घरात घड्याळ पडलं का?"

"काका, एक प्रिंट काढू?"

"काढ की."

फाइल उघडली. काल बदल सेव्ह केला नव्हता, बाण खालीच होता. त्याला हात लावला नाही. सहा, शून्य. प्रिंट काढली, रात्री लिहिलेल्या नव्या कागदाला टाचली. आणि काकांसमोर जाऊन उभी राहिले. 

"बोल की. भूत बघितलंस का?"

"काका, काल मी पेटीत टाकलेला कागद... चुकलाय. बदलता येईल का?"

काकांनी फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी आईला त्यांनीच पाणी आणून दिलं होतं, बाकावर. त्यांना आठवत होतं, मला कळलं.

"तुझी आई बरी आहे ना?" म्हणाले.

मी मान हलवली.

"मी खाली जाऊन पाण्याचा कॅन भरून आणतो. दहा मिनिटं लागतील. पेटीचं कुलूप कधी कधी माझ्या हातून उघडंच राहतं, वय झालं आता." आणि गेले. चप्पल मुद्दाम वाजवत गेले, म्हणजे परत येताना मला ऐकू यावं म्हणून.

मी पेटी उघडली. अगं, झाकण पत्र्यावर टणटण वाजलं. माझा कागद सापडला. आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक खूण. बरोबरची. त्याच्या वरच्या कागदावर पण, खालच्या कागदावर पण.

 मॅडमनी बघितलेत. काल संध्याकाळीच बघायला घेतलेत. माझा कागद त्यांच्या डोळ्यांखालून गेलाय. आता नवीन ठेवला तर तो बिनखुणेचा, लगेच ओळखू येणार. आणि हसू नकोस हां, माझ्या पाउचमध्ये पेन्सिल होती. मी ती काढली. नव्या कागदाच्या कोपऱ्यावर टेकवली सुद्धा. एक एवढीशी खूण. आणि मग डोक्यात आलं, बघितला असेल आणि त्यांना आठवत असेल तर? काल वर, आज खाली? मग बाण फिरवला एवढंच नाही राहणार, पेटी फोडली, मॅडमची खूण खोटी केली. आणि काका. काकांचं काय?

जिन्यात चप्पल वाजली. मी जुना कागद होता तिथे ठेवला आणि झाकण लावलं. नवा वहीत कोंबला. काका आत आले, माझ्याकडे बघितलं. कॅन ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. कुलपाचा तो खटका अजून माझ्या कानात आहे.

अकरा ते बारा मी त्या बाकावर बसून होते. आई बसली होती त्याच. मॅडम वाटेल तो क्रमांक पुकारत होत्या, एकेक पोरगं आत जात होतं, बाहेर येत होतं. कासव वीस मिनिटं आत होता, बाहेर येऊन म्हणाला, "सोपंय गं, नुसतं मोजायला लावतात." मला त्याचा गळा दाबावासा वाटला. मग वीस. मी.

टेबलावर ब्रेडबोर्ड, म्हणजे सर्किट जोडायची भोकांची पट्टी. तेच चार रेझिस्टर, बाराचा सप्लाय, आणि लॅबमध्ये बनवलेली करंट सोर्सची डबी, लाल आणि काळी वायर. मॅडमनी वर न बघता डबीचा आकडा दोनवर केला. "तुझ्या क्रमांकाप्रमाणे डबी जोड."

मी सम क्रमांकाची जोडली. ओढणारी. खोटं जोडायची हिंमतच नव्हती.

"बी मोज."

मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल बीला. आकडा थोडा वरखाली झाला. मग थांबला. शून्य पॉइंट शून्य दोन.

"किती?"

"जवळजवळ शून्य, मॅडम."

"तुझ्या कागदावर किती आहे?"

बघ, इथे. इथे मला वाटलं, त्यांना माहितीये. खूण केलीये त्यांनी. मांजर उंदराला खेळवतं तसं खेळवताहेत. आणि मी बोलून गेले. एका दमात. "दहा पॉइंट एकोणतीस. मी बाण वर घेतला होता. कॉम्प्युटरवर शून्य आलं, मला खोटं वाटलं, म्हणून मी तुमच्या फाइलमधला बाण फिरवला. जुळवण्यासाठी. रात्री कळलं. हा बरोबरचा." आणि वहीतला तो चुरगळलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. पेटीचं नाही सांगितलं. ते काकांचं होतं.

 मग त्यांनी खुर्चीमागून तो कागदांचा गठ्ठा घेतला. सुतळी बांधलेली होती त्याला. त्यांनी सुतळीची गाठ सोडली, माझा कागद काढला, आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. ते त्यांचं बघणं.

"शून्यावर विश्वास का नाही बसला?"

"मला वाटलं शून्य म्हणजे काहीच चालू नाही."

"मग आता? बी शून्य आहे, तर तीन किलोओहममधून किती करंट जातोय?"

"दोन मिलिअँपिअर. ए सहा, बी शून्य, सहा भागिले तीन."

"हं." त्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले.  "सिम्युलेशन तुझी चूक पकडायला असतं. तू त्यालाच गप्प बसवलंस. या असाइनमेंटचे मार्क शून्य. टर्मवर्क आज रद्द करत नाही." आणि त्यांनी टेबलाचा खण उघडला, कागद आत ठेवला, खण लावला. "हा इथे राहील. सत्र संपेपर्यंत. पुन्हा एकदा काही जुळवलंस, तर हा आणि तो, दोन्ही कागद पुढे जातील आणि टर्मवर्क रद्द. जा."

मी बाहेर आले.  दारात काका उभे होते, हातात एक पेन्सिल, कानामागे खोचत होते.

"काय गं, झालं?"

"काका, मॅडमनी काल संध्याकाळीच कागद बघितले होते ना? खुणा होत्या."

"कुठल्या खुणा? त्या माझ्या. चाळीस आलेत का मोजायला करतो मी, नेहमी. मग सुतळी बांधून देतो. मॅडमनी तर गठ्ठा आत्ता सोडला, तुझ्याच वेळी."

कळतंय का तुला? त्यांनी काही बघितलंच नव्हतं! मी त्या दहा मिनिटांत कागद बदलला असता, पेन्सिलीची एवढीशी खूण केली असती, तर बी शून्य, मीटर शून्य, कागदावर शून्य, सगळं जुळलं असतं आणि मी हसत बाहेर आले असते. दहापैकी दहा घेऊन.

आणि आता तो कागद त्या खणात आहे. रोज लॅबमध्ये जाताना केबिनच्या उघड्या दारातून आधी तो खण दिसतो मला, मग बाकी सगळं. परवा डायोडचं सिम्युलेशन होतं, पहिल्या फटक्यात जुळलं, आणि जुळलं म्हणून मला घाम फुटला. तीन वेळा फाइल तपासली. आई विचारते, मार्क किती पडले? मी म्हणते, अजून लागले नाहीत. आणि लोक म्हणतात खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मी काही धाडसानं खरं बोलले नाही गं, एका पेन्सिलीच्या खुणेला घाबरून बोलले.

खरं सांग. दहा मिनिटं, उघडी पेटी, हातात पेन्सिल. तू काय केलं असतंस?